गाळलेल्या जागांचा उतारा: व्याकरण आणि आशय दोन्ही हाताशी धरून कसा सोडवायचा

गाळलेल्या जागांचा उतारा सोडवताना बहुतेक मुलं एकाच पद्धतीने चुकतात. पहिलं वाक्य वाचायचं, पहिली जागा आली की थांबायचं, चार पर्याय पाहायचे, कानाला बरा वाटेल तो भरायचा आणि पुढे सरकायचं. घरी सराव करताना या पद्धतीने दहापैकी सहा-सात बरोबर येतात, त्यामुळे ती चुकीची आहे हे लक्षातही येत नाही. उरलेल्या तीन-चार जागा मात्र दर वेळी जातात, आणि पेपर काढणाऱ्याने खरी परीक्षा तिथेच घेतलेली असते.

या जागा जाण्याची कारणं मी उत्तरपत्रिका पाहताना नोंदवत आलो आहे. काही मुलं फक्त अर्थ पाहतात, म्हणून लिंग-वचनात चुकतात. काही फक्त व्याकरण पाहतात, म्हणून व्याकरणात चोख बसणारा पण उलट अर्थाचा पर्याय निवडतात. व्याकरण आणि आशय यांची कामं वेगळी आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे: व्याकरणाने पर्याय छाटायचे, आशयाने उरलेल्यांतून निवडायचं. खाली हे मराठीच्या पेपरातल्या उताऱ्यावर करून दाखवलं आहे. त्यासाठी आठ जागांचा एक उतारा मी स्वतः रचला आहे.

## आधीची तयारी: तीन गोष्टी पक्क्या करा

पूर्ण व्याकरण पाठ करायची गरज नाही. या प्रश्नासाठी तीन गोष्टी रोज थोड्या घोटल्या तरी पुरतात.

पहिली म्हणजे नामाचं लिंग. नामापुढे तो, ती, ते लावून पाहायची सवय करा: तो रस, ती काहील, ते चुलवाण. जिथे अडखळाल तो शब्द वहीत लिहा. ‘वेळ’ हा शब्द मुलांना हमखास फसवतो. ‘ती वेळ’ म्हणजे घड्याळातला क्षण किंवा प्रसंग, ‘तो वेळ’ म्हणजे हाती असलेला अवधी. म्हणून ‘बसची वेळ झाली’, पण ‘अभ्यासाला वेळ मिळाला’. एकाच शब्दाची दोन लिंगं आणि दोन अर्थ असले की पेपर काढणाऱ्याला आयती जागा मिळते.

दुसरी म्हणजे कोणतं क्रियापद कोणता प्रत्यय मागतं. दोष ‘ला’ देतात, भांडण ‘शी’ होतं, विश्वास ‘वर’ ठेवतात, तक्रार ‘विरुद्ध’ किंवा ‘बद्दल’ करतात. ही यादी सुटी पाठ करू नका. प्रत्येकाचं एक छोटं वाक्य करा, म्हणजे प्रत्यय क्रियापदाला चिकटूनच लक्षात राहतो.

तिसरी म्हणजे जोडीने येणारे शब्द: जर–तर, जरी–तरी, जसजसा–तसतसा, जोपर्यंत–तोपर्यंत, इतका–की. मराठीत या जोडीतला पहिला शब्द आपण पुष्कळदा गाळतो. ‘पाऊस आला तर जाऊ नकोस’ यात ‘जर’ दिसत नाही, पण तो आहे. उताऱ्यात अशा लपलेल्या जोड्या शोधाव्या लागतात.

## उतारा आणि पर्याय

> ऊस तोडला की तो लवकरात लवकर गुऱ्हाळावर न्यावा लागतो. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस शेतात पडून राहिला, (१) त्यातली साखर कमी होते आणि गूळ नीट बसत नाही. घाण्यातून निघालेला रस गाळून काहिलीत (२) जातो आणि खाली चुलवाण पेटवले जाते. रस तापू लागला की त्यावर मळी येते. ही मळी वेळेवर (३) नाही, तर गूळ काळपट होतो. मळी चांगली सुटावी (४) काही गुऱ्हाळांवर रसात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. रस जसजसा आटतो, तसतसा तो (५) होत जातो आणि तो ढवळणाऱ्याचे हात भरून येतात. पाक तयार झाला की नाही, हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून (६). पाक वाफ्यात ओतून थोडा निवला, की तो साच्यात भरून त्याच्या (७) करतात. एवढी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी गूळ मऊ राहतो. अशा वेळी (८) दोष देण्याआधी ऊस कधी तोडला होता, ते विचारावे.

(१) अ. तरी, ब. म्हणून, क. तर, ड. परंतु
(२) अ. ओतून, ब. ओतला, क. ओतली, ड. ओतले
(३) अ. मिसळली, ब. काढला, क. साठवली, ड. काढली
(४) अ. साठी, ब. म्हणून, क. कारण, ड. तरी
(५) अ. दाटपणा, ब. पातळ, क. दाट, ड. थंड
(६) अ. पाहिले, ब. पाहते, क. पाहिला, ड. पाहतो
(७) अ. ढेप, ब. जुड्या, क. ढेपा, ड. मोळ्या
(८) अ. गुळव्याला, ब. उसाला, क. गुळव्याचा, ड. गुळव्याशी

पुढे वाचण्याआधी हा उतारा एकदा स्वतः सोडवा आणि उत्तरं कागदावर लिहा. नंतर ताडून पाहाल तेव्हा आपण कुठल्या जातीची चूक करतो ते कळेल.

## टप्पा १: पर्याय न पाहता उतारा शेवटपर्यंत वाचा

पर्यायांवर हात किंवा कच्चा कागद ठेवा. संगणकावरच्या परीक्षेत नजर उताऱ्याच्या चौकटीतच ठेवा. जागा आली की मनात ‘अमुक’ म्हणा आणि पुढे चला. एवढा उतारा वाचायला एक मिनिटही लागत नाही, आणि हे मिनिट पुढे भरून निघतं.

या वाचनात तीन गोष्टी टिपायच्या. विषय काय आहे? इथे उसापासून गूळ होण्याचा क्रम. काळ कोणता आहे? इथे सगळी क्रियापदं ‘होते’, ‘येते’, ‘घालतात’ अशी आहेत, म्हणजे नेहमी काय घडतं ते सांगितलं आहे. एखाद्या दिवशी काय घडलं याची ही गोष्ट नाही. आणि उतारा कुठे वळतो? इथे ‘एवढी काळजी घेऊनही’ या शब्दांपाशी वळतो. तिथपर्यंत कृती आहे, तिथून पुढे कृती फसली तर काय करायचं ते आहे.

तपासा: उताऱ्यात काय सांगितलं आहे, ते एका वाक्यात मनाशी म्हणता येतंय का? येत नसेल तर पर्यायांकडे वळू नका, शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचा. उताऱ्याचा रोख बहुतेक वेळा तिथे उघड होतो.

## टप्पा २: चार पर्याय पाहून जागेची जात ओळखा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. जागा भरण्याआधी चार पर्याय एकमेकांशी ताडून पाहा. जागा कशाची परीक्षा घेते आहे, ते त्यांच्यातल्या फरकावरून कळतं.

जागा (२) पाहा: ओतून, ओतला, ओतली, ओतले. धातू एकच, रूपं चार. इथे अर्थाचा विचार करत बसण्यात वेळ जातो, कारण अर्थ ठरलेलाच आहे. ही व्याकरणाची जागा. (६) ही त्याच जातीची.

जागा (५) मध्ये शब्द वेगळे आहेत, रूपाचा फरक फक्त ‘दाटपणा’ या एका पर्यायात आहे. इथे व्याकरण एक पर्याय घालवेल आणि उरलेलं काम आशयाला करावं लागेल. (३), (७) आणि (८) अशाच मिश्र जागा आहेत.

(१) आणि (४) मध्ये बहुतेक जोडशब्द आहेत. ही तिसरी जात. इथे एका वाक्यापुरतं पाहून चालत नाही, जोडशब्दाच्या दोन्ही बाजूंना काय आहे आणि त्यांचं नातं काय, हे पाहावं लागतं. म्हणून दोन्ही बाजू पूर्ण कळेपर्यंत अशा जागा थोड्या मागे ठेवल्या तरी चालतं.

कच्च्या कागदावर जागेच्या क्रमांकापुढे व्या, मि, जो अशी खूण करा. आठ जागांना पंधरा-वीस सेकंद लागतील.

इशारा: जागा क्रमाने सोडवल्याच पाहिजेत असा नियम नाही. आधी ‘व्या’ खुणेच्या जागा भरा. त्या पक्क्या असतात, आणि भरलेलं प्रत्येक वाक्य पुढच्या जागेला आधार देतं.

## टप्पा ३: व्याकरणाने छाटा, आणि त्यासाठी जागेच्या पुढे पाहा

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं. म्हणून जागेचा सुगावा पुष्कळदा जागेच्या उजवीकडे असतो. इंग्रजीचे उतारे सोडवून ज्यांची नजर डावीकडून जागेपर्यंत येऊन थांबायला सरावली आहे, त्यांनी मराठीत वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचण्याची सवय जाणीवपूर्वक लावावी लागते.

जागा (२). जागेच्या पुढे ‘जातो’ आहे. ‘जातो’ पुल्लिंगी एकवचनी आहे, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं आहे तो रसही पुल्लिंगी एकवचनी. म्हणून ‘ओतली’ आणि ‘ओतले’ बाद. उरले ‘ओतला’ आणि ‘ओतून’. ‘ओतून जातो’ कानाला फारसं खटकत नाही, कारण ‘वाहून जातो’, ‘निघून जातो’ आपण रोज म्हणतो. पण वाहणं आणि निघणं रस स्वतः करतो. ओतणं कोणीतरी करावं लागतं, रस स्वतःला ओतून कुठे निघून जात नाही. म्हणून ‘ओतला जातो’. शेजारचं ‘चुलवाण पेटवले जाते’ हे त्याच साच्याचं आहे. एकाच वाक्यात ‘आणि’च्या दोन्ही बाजूंना सारखी रचना दिसली, तर ती मोठी खूण समजा.

जागा (६). इथे सर्वाधिक मुलं ‘पाहिले’ लिहितात. कारण उघड आहे. वाक्यात ‘हे’ दिसतं, ते नपुंसकलिंगी, त्याला ‘पाहिले’ जुळतं. पण कर्ता कोण, ते पाहायला हवं. कर्ता ‘गुळव्या’ आहे आणि त्याला ‘ने’ लागलेला नाही. ‘गुळव्याने’ असतं, तर ‘हे’प्रमाणे ‘पाहिले’ आलं असतं. ‘ने’ नाही, म्हणजे कर्तरी प्रयोग, आणि क्रियापद गुळव्याप्रमाणे चालेल. गुळव्या पुल्लिंगी एकवचनी, म्हणून ‘पाहतो’. ‘पाहते’ लिंगामुळे गेलं, ‘पाहिला’लाही ‘ने’ हवा होता.

या जागेत आणखी एक बारीक खोच आहे. ‘गुळव्या’ हे रूप दिसायला सामान्यरूपासारखं आहे, जसं ‘घाणा’चं ‘घाण्या’. त्यामुळे त्याला प्रत्यय लागलेलाच आहे असं घाईत वाटून जातं. प्रत्यय डोळ्यांनी शोधा. दिसला नाही, तर तो नाही.

टप्पा १ मध्ये टिपलेला काळ इथे दुसरी साक्ष देतो. सगळा उतारा ‘होते’, ‘येते’, ‘घालतात’ असा चालला असताना मध्येच ‘पाहिले’ येण्याचं कारण नाही. व्याकरणाच्या जागेतसुद्धा आशय असा उपयोगी पडतो, पण पडताळणीपुरता. निर्णय ‘ने’ नसण्यावरच होतो.

मिश्र जागांत छाटणी. (३) मध्ये ‘ही मळी’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘काढला’ बाद. पुढच्या ‘गूळ काळपट होतो’मधला पुल्लिंगी गूळ पाहून काही जण ‘काढला’ घेतात, पण तो स्वल्पविरामाच्या पलीकडचा आहे. क्रियापद जवळच्या नामाशी जुळतं असं नाही, ज्याच्याबद्दल ते बोलतं त्याच्याशी जुळतं. (५) मध्ये ‘तो … होत जातो’ या साच्यात रसाचं विशेषण हवं, म्हणून ‘दाटपणा’ हे नाम बाद. (७) मध्ये जागेच्या आधी ‘त्याच्या’ आहे. एकच असती तर ‘त्याची ढेप’ असं आलं असतं, म्हणून ‘ढेप’ बाद, आणि अनेकवचनी स्त्रीलिंगी तिन्ही शब्द उरले. (८) मध्ये पुढे ‘दोष देण्याआधी’ आहे. दोष ‘ला’ मागतो, म्हणून ‘गुळव्याचा’ आणि ‘गुळव्याशी’ बाद.

तपासा: बाद केलेल्या प्रत्येक पर्यायाचं कारण एका शब्दात सांगता येतंय का? लिंग, वचन, प्रत्यय, शब्दाची जात, काळ. ‘बरं वाटत नाही’ हे कारण नाही. असं वाटलं, तर तो पर्याय अजून बाद करू नका.

## टप्पा ४: उरलेल्यांतून आशयाने निवडा

आशय म्हणजे ‘मला या विषयातलं काय माहीत आहे’ असं नाही. उताऱ्यात काय लिहिलं आहे, त्यावरून काय ठरतं, तो आशय. ज्याने गुऱ्हाळ कधी पाहिलेलं नाही, त्यालाही या जागा सुटायला हव्यात आणि सुटतात. त्यासाठी उताऱ्यातल्या एका ठरावीक शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे.

जागा (३). उरले मिसळली, साठवली, काढली. बोट ठेवायचा शब्द आहे ‘काळपट’. मळी ‘अमुक नाही, तर’ गूळ बिघडतो, म्हणजे ‘अमुक’ ही करायलाच हवी अशी गोष्ट आहे. मळी मिसळली नाही म्हणून गूळ काळपट होईल, हे उलट झालं. साठवण्याचा तर विषयच नाही. दुसरी साक्ष पुढच्या वाक्यात आहे: मळी ‘सुटावी’ म्हणून खटपट करतात, म्हणजे ती रसापासून वेगळी व्हायला हवी. म्हणून ‘काढली’.

या जागेत ‘नाही’ निसटू देऊ नका. जागेच्या लगेच पुढचा ‘नाही’ वाचायचा राहिला, तर ‘मिसळली’ अगदी पटतं: मळी मिसळली तर गूळ काळा होणारच. पेपर काढणारा हा पर्याय याच घाईसाठी ठेवतो.

जागा (५). पातळ, दाट, थंड. ‘आटतो’ या एका शब्दावर काम होतं, पण तिथेच थांबू नका. वाक्य पुढे चालू आहे: ढवळणाऱ्याचे हात भरून येतात. पातळ रस ढवळून हात भरून येत नाहीत. जागेच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन सुगावे एकाच पर्यायाकडे बोट दाखवतात, तेव्हा उत्तर पक्कं. ‘थंड’ वरच्या ‘तापू लागला’ने आधीच गेलेलं आहे.

जागा (७). ढेपा, जुड्या, मोळ्या. तिन्ही स्त्रीलिंगी अनेकवचनी, व्याकरणाला तिन्ही चालतात. इथे शब्दाची ठरलेली सोबत पाहायची. जुडी भाजीची बांधतात, मोळी लाकडांची किंवा उसाची बांधतात, ढेप गुळाची होते. उताऱ्यात ऊस आहे म्हणून ‘मोळ्या’कडे हात जातो, पण या वाक्यात ऊस केव्हाच मागे पडला आहे, हातात पाक आहे. शिवाय ‘साच्यात भरून’ असं लिहिलं आहे. मोळी आणि जुडी बांधतात, साच्यात भरत नाहीत. समूहदर्शक शब्द तुम्ही वेगळ्या प्रश्नासाठी पाठ करताच, ते इथे असे लागतात.

जागा (८). सर्वांत अवघड जागा ही, कारण तिचा सुगावा शेजारी नाही. उरले ‘गुळव्याला’ आणि ‘उसाला’. दोन्हींना ‘ला’ आहे. वाक्य नीट वाचा: एकाला दोष देण्याआधी ऊस कधी तोडला होता ते विचारावं. ऊस कधी तोडला हे कशासाठी विचारायचं? उत्तर उताऱ्याच्या दुसऱ्या वाक्यात आहे. तोडून पडलेल्या उसातली साखर कमी होते आणि गूळ नीट बसत नाही. म्हणजे दोष कदाचित उसाचा असेल, याची चौकशी करायची, आणि त्याआधी ज्याला दोष द्यायचा नाही तो दुसरा कोणी असणार. म्हणून ‘गुळव्याला’. ‘उसाला’ घेतलं तर वाक्य स्वतःलाच छेद देतं. उसाला दोष देण्याआधी उसाचीच चौकशी करायची, तर मग दोष कोणावरून काढून कोणावर ठेवायचा ते कळत नाही.

उताऱ्यातली शेवटची जागा अशी सुरुवातीच्या वाक्याशी बांधलेली असणं नेहमीचं आहे. पहिल्या फेरीत शेवटपर्यंत न वाचणारा मुलगा इथे हमखास अडतो. उतारा त्याच्या हातात तुकड्यातुकड्यांनी आलेला असतो, आणि आठव्या जागेपर्यंत येताना दुसरं वाक्य तो विसरलेला असतो.

इशारा: आशयाचा सुगावा उताऱ्यात सापडत नसेल आणि तुम्ही ‘माझ्या गावात तर असं करतात’ या आधारावर निवडत असाल, तर थांबा. उताऱ्यातलं विधान तुमच्या अनुभवाशी जुळत नसलं तरी उत्तर उताऱ्याप्रमाणेच द्यायचं आहे.

## टप्पा ५: जोडशब्दांच्या जागा

आता दोन्ही बाजूंची वाक्यं भरून झाली आहेत. जोडशब्दाला एकच प्रश्न विचारायचा: डावीकडचं आणि उजवीकडचं यांचं नातं काय?

जागा (१). डावीकडे ‘ऊस पडून राहिला’, उजवीकडे ‘साखर कमी होते’. एक घडलं की दुसरं घडतं, असं नातं. ‘तरी’ आणि ‘परंतु’ अपेक्षेच्या उलट जातात. त्यांच्यासाठी ‘पडून राहिला तरी साखर कमी होत नाही’ असं काहीतरी हवं होतं. पहिलं वाक्य ऊस लवकर नेण्याची निकड सांगतं, म्हणजे उशीर वाईट. म्हणून हे दोन्ही आशयाने बाद.

उरले ‘म्हणून’ आणि ‘तर’. ‘राहिला म्हणून’ एका घडून गेलेल्या गोष्टीचं कारण सांगतं, आणि मग पुढेही ‘साखर कमी झाली’ असा भूतकाळ हवा. इथे पुढे ‘कमी होते’ आहे. ‘राहिला … होते’ ही जोडी अटीची आहे, म्हणजे ‘जर’ गाळलेला आहे. उत्तर ‘तर’. इथे आशयाने दोन पर्याय छाटले आणि व्याकरणाने निवड केली, म्हणजे कामं उलटी झाली. जोडशब्दांत असं होतं, ते चालतं. दोघांपैकी एकालाही न विचारता पुढे जायचं नाही, एवढंच पाहा.

उताऱ्यात पुढे जागा (३) भरल्यावर ‘काढली नाही, तर गूळ काळपट होतो’ हे वाक्य मिळतं, आणि त्यातलं ‘तर’ छापलेलंच आहे. तोच साचा, तोच भूतकाळी दिसणारा पहिला भाग आणि वर्तमानकाळी दुसरा. उतारा पुष्कळदा स्वतःच नमुना पुरवतो, तो शोधायची सवय ठेवा.

जागा (४). ‘मळी चांगली सुटावी’मधलं ‘-आवी’ हे रूप इच्छा किंवा हेतू सांगतं. हेतूला ‘म्हणून’ जोडतात. ‘साठी’चाही अर्थ हेतूचाच, म्हणून पुष्कळ मुलं तो निवडतात. पण ‘साठी’ शब्दयोगी अव्यय आहे, ते नामाच्या सामान्यरूपाला चिकटतं: ‘सुटण्यासाठी’. ‘सुटावी साठी’ अशी रचना मराठीत नाही. ‘कारण’च्या उजवीकडे कारण यावं लागतं, इथे उजवीकडे उपाय आहे. ‘तरी’ने हेतू जोडला जात नाही.

इथे एक चूक वारंवार दिसते. (१) मध्ये ‘म्हणून’ बाद केलं, मग तो शब्द मनात ‘चुकीचा’ ठरतो आणि (४) मध्येही टाळला जातो. काही जण याच्या उलट, एकदा वापरलेला शब्द पुन्हा उत्तर असणार नाही असं धरून चालतात. प्रत्येक जागेचे पर्याय स्वतंत्र आहेत. आधीच्या जागेचं उत्तर पुढच्या जागेला काहीही सांगत नाही.

## टप्पा ६: भरलेला उतारा सलग वाचा

उत्तरं अशी झाली: १ क, २ ब, ३ ड, ४ ब, ५ क, ६ ड, ७ क, ८ अ. आता उत्तरं जागी घालून उतारा एका दमात मनात वाचा. या वाचनात फक्त तीन ठिकाणी कान द्या: काळ कुठे अचानक बदलतोय का, ‘नाही’ असलेल्या वाक्यांचा अर्थ उलटा तर झाला नाही ना, आणि शेवटचं वाक्य पहिल्या दोन वाक्यांशी जुळतंय का.

काही खटकलं तर लगेच उत्तर बदलू नका. जागेपाशी परत जा आणि टप्पा ३ चा प्रश्न विचारा: आधी बाद केलेल्या पर्यायाचं कारण अजून खरं आहे का? कारण खोटं ठरलं, तरच उत्तर बदला. निव्वळ शंकेने बदललेली उत्तरं मी चुकताना पुष्कळ पाहिली आहेत, आणि पहिलं उत्तर बहुधा कारणासकट दिलेलं असतं.

## दोन पर्याय शेवटपर्यंत उरले तर

कधीकधी खरोखर अडतं. तेव्हा दोन्ही पर्याय जागी घालून विचारा की कोणत्या पर्यायाने उताऱ्यातला दुसरा एखादा शब्द वाया जातो. (५) मध्ये ‘पातळ’ घेतलं तर ‘हात भरून येतात’ला काही अर्थ उरत नाही. (८) मध्ये ‘उसाला’ घेतलं तर चौकशीला अर्थ उरत नाही. ज्या पर्यायाने उताऱ्यातले सगळे शब्द कामाला लागतात, तो घ्या.

तरीही सुटलं नाही, तर गुण कापण्याचा नियम पाहा. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापत असतील आणि दोन पर्याय कारण देऊन बाद केले असतील, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचं ठरतं: बरोबर येण्याची शक्यता निम्मी, आणि चुकलं तर जाणार पाव. एकही पर्याय कारण देऊन बाद झालेला नसेल, तर जागा सोडून वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्यावा, असं मी सांगतो.

## सरावाची वही

सराव करताना गुण मोजून सोडून देऊ नका. चुकलेल्या प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक खूण करा: पर्याय व्याकरणाने बाद व्हायला हवा होता आणि झाला नाही, व्याकरणाला चालणाऱ्यांतून आशयाने चुकीचा निवडला, किंवा जागेच्या पुढचं वाक्य वाचलंच नव्हतं. दहा उतारे झाले की खुणा मोजा. पहिली जास्त असेल, तर तयारीतली लिंगाची आणि प्रत्ययांची वही पुन्हा काढा. दुसरी जास्त असेल, तर पुढचे दहा उतारे सोडवताना प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या ज्या शब्दावर बोट ठेवलंत, तो पेन्सिलने अधोरेखित करा. तिसरी जास्त असेल, तर आठवडाभर पर्याय छापलेला भाग दुमडून ठेवून पहिलं वाचन करा, आणि शेवटचा पूर्णविराम आल्याशिवाय तो उघडू नका.